जिल्ह्याच्या सरासरीत माणूस सापडत नाही: इकॉलॉजिकल फॅलसी कशी ओळखायची

पहिल्या नोकरीत मला जिल्ह्यांचा एक तक्ता देऊन त्यावर दोन पानं लिहायला सांगितलं होतं. एका रकान्यात शिकलेल्या स्त्रियांची टक्केवारी, शेजारच्या रकान्यात लसीकरण पूर्ण झालेल्या बालकांची टक्केवारी. एक आकडा चढला की दुसराही चढत होता. मी बिनधास्त लिहिलं, “शिकलेल्या आया मुलांना वेळेवर लस देतात, न शिकलेल्या टाळतात.” मसुदा तपासणाऱ्या बाईंनी ‘शिकलेल्या आया’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, “तक्त्यातली एक ओळ कशाची आहे?”

“जिल्ह्याची.”

“मग वाक्यात आया कुठून आल्या?”

माझं वाक्य खरंही असू शकेल. पण त्या तक्त्यातून ते निघत नव्हतं. एखाद्या जिल्ह्यात शिकलेल्या स्त्रिया जास्त आणि लसीकरणही जास्त, एवढंच तक्ता सांगत होता. लस मिळालेली मुलं शिकलेल्या आयांची होती की न शिकलेल्यांची, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. समूहाच्या सरासरीवरून समूहातल्या माणसांबद्दल निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. नावातल्या ‘इकॉलॉजी’ने गोंधळू नका, जंगलांशी किंवा पर्यावरणाशी तिचा काही संबंध नाही. प्रदेशवार गोळा केलेल्या आकड्यांना समाजशास्त्रात ‘इकॉलॉजिकल’ म्हणायची पद्धत होती, त्यावरून ते आलं. हॅनन सेल्विन यांनी १९५८ साली एमिल दुर्खीम यांच्या आत्महत्यांवरील अभ्यासाची चिकित्सा करताना हा शब्दप्रयोग केला आणि तो रुळला.

ही चूक ओळखण्यासाठी मोठं गणित लागत नाही. कागद, पेन आणि जमलं तर स्प्रेडशीट पुरे. खाली तीन जिल्ह्यांचं एक छोटं उदाहरण घेतो. आकडे कल्पित आहेत, मुद्दाम सोपे ठेवलेत, म्हणजे तुम्हाला सोबत हिशेब करता येईल.

पायरी १: ओळ कशाची, वाक्य कोणाचं?

हा आपला तक्ता. प्रत्येक जिल्ह्यात १,००० प्रौढ आहेत असं धरू.

| जिल्हा | एकूण प्रौढ | स्थलांतरित | निरक्षर |
|---|---|---|---|
| क | १,००० | ३०० | ६५ |
| ख | १,००० | १५० | ११५ |
| ग | १,००० | ५० | २०५ |

तक्ता हातात आला की पहिल्यांदा त्याच्या वर एक ओळ लिहून टाका: “या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक जिल्हा.” मग तुम्हाला जो निष्कर्ष लिहावासा वाटतोय तो खाली लिहा आणि त्यातला कर्ता शोधा. शाळेत शोधायचो तसाच, “कोण?” असं विचारून.

इथे बहुतेकांच्या मनात येणारं वाक्य असं: “स्थलांतरित लोक स्थानिकांपेक्षा जास्त साक्षर असतात.” तक्ता पाहिला तर ते अगदी उघड वाटतं. ‘क’मध्ये स्थलांतरित सर्वांत जास्त आणि निरक्षरता सर्वांत कमी, ‘ग’मध्ये बरोबर उलट. पण कर्ता आहे ‘स्थलांतरित लोक’, आणि तक्त्यात एकही स्थलांतरित माणूस नाही. तिथे तीन जिल्हे आहेत. ओळ आणि कर्ता जुळत नाहीत, म्हणजे इथे थांबून पुढच्या पायऱ्या करायच्या.

कर्ता दर वेळी इतका उघड नसतो. “स्थलांतरामुळे साक्षरता वाढते” या वाक्यात माणूस दिसत नाही, पण वाचणारा ते माणसाबद्दलच वाचतो. “साक्षरतेवर स्थलांतराचा अनुकूल परिणाम दिसून येतो” हे तर अहवालांचं लाडकं वाक्य. परिणाम कोणावर, हे त्यात सफाईने लपलेलं असतं. असं वाक्य दिसलं की ते मोडून साध्या भाषेत, हाडामांसाचा कर्ता घालून पुन्हा लिहा.

पायरी २: एका जिल्ह्याची चौकट मांडा

सगळा तक्ता बाजूला ठेवून फक्त जिल्हा ‘क’ घ्या. त्याची चार कप्प्यांची चौकट काढा: उभे दोन रकाने निरक्षर आणि साक्षर, आडव्या दोन ओळी स्थलांतरित आणि स्थानिक. आता जे माहीत आहे तेवढंच भरा.

| जिल्हा क | निरक्षर | साक्षर | एकूण |
|---|---|---|---|
| स्थलांतरित | ? | ? | ३०० |
| स्थानिक | ? | ? | ७०० |
| एकूण | ६५ | ९३५ | १,००० |

कडेच्या बेरजा सगळ्या आहेत, आतले चारही कप्पे रिकामे आहेत. आणि आपल्याला लिहायचं असलेलं वाक्य पूर्णपणे त्या रिकाम्या कप्प्यांबद्दल आहे. ही चौकट मी नवख्यांना नेहमी हाताने काढायला लावतो. स्क्रीनवर टक्केवारीचे दोन रकाने शेजारी शेजारी असले की डोळा त्यांना आपोआप जोडतो. कागदावर चार प्रश्नचिन्हं काढली की तसं होत नाही.

पायरी ३: रिकाम्या कप्प्यात कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती?

कप्पे रिकामे असले तरी त्यांत वाट्टेल तो आकडा बसत नाही. ‘क’मध्ये निरक्षर एकूण ६५ आहेत, तेव्हा निरक्षर स्थलांतरित ६५ पेक्षा जास्त असू शकत नाहीत. कमीत कमी शून्य असू शकतात, कारण ६५ निरक्षर सगळेच्या सगळे स्थानिक असले तरी ७०० मध्ये आरामात मावतात. ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डेव्हिस यांनी १९५३ साली हीच साधी गोष्ट पद्धत म्हणून मांडली. स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात एकूण प्रौढ, C मध्ये स्थलांतरित आणि D मध्ये निरक्षर असतील, तर किमान आणि कमाल आकडे असे येतात:

```
=MAX(0, C2+D2-B2)
=MIN(C2, D2)
```

पहिल्या सूत्राचा अर्थ असा की दोन गट मिळून एकूण लोकसंख्येपेक्षा जास्त होत असतील, तर तेवढी माणसं दोन्ही गटांत असणारच. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत तसं होत नाही, म्हणून किमान आकडा सगळीकडे शून्य येतो. कमाल मात्र वेगवेगळी येते: ‘क’मध्ये ३०० पैकी ६५, ‘ख’मध्ये १५० पैकी ११५, ‘ग’मध्ये ५० पैकी ५०. शेवटचा आकडा नीट पाहा. ‘ग’मधले सगळेच्या सगळे स्थलांतरित निरक्षर आहेत असं कोणी म्हटलं, तरी हा तक्ता त्याला खोटं पाडू शकत नाही. एकही निरक्षर नाही असं म्हटलं तरी नाही.

तीन जिल्हे मिळून स्थलांतरित ५००, त्यांतले निरक्षर शून्यापासून २३० पर्यंत कितीही, म्हणजे ० ते ४६ टक्के. स्थानिकांचा हिशेब याच्या उलट बाजूने होतो. एकूण निरक्षर ३८५, त्यांतून २३० गेले तर १५५ उरतात, एकही गेला नाही तर ३८५. एकूण २,५०० स्थानिकांपैकी हे ६.२ ते १५.४ टक्के होतात.

दोन्ही पट्टे एकमेकांवर ठेवून पाहा. स्थलांतरितांत निरक्षरता शून्य असू शकते, म्हणजे ते स्थानिकांहून कितीतरी पुढे. ती ४६ टक्केही असू शकते, म्हणजे कितीतरी मागे. आपल्या वाक्याची दिशासुद्धा या तक्त्यातून ठरत नाही.

जाता जाता एक गोष्ट लक्षात येईल. स्थानिकांचा पट्टा अरुंद आहे, स्थलांतरितांचा ऐसपैस. मोठ्या गटाबद्दल जिल्ह्याचे आकडे बरंच सांगतात, कारण जिल्हा म्हणजे बहुतांशी तोच गट असतो. लहान गटाबद्दल ते जवळजवळ मुके असतात. आणि आपण बहुतेकदा नेमक्या लहान गटांबद्दलच विचारत असतो.

पायरी ४: सरळ रेषा ओढून तिला टोकापर्यंत न्या

या टप्प्यावर कोणीतरी सहसंबंध गुणांक काढतं. हा आकडा उणे १ ते अधिक १ यांच्या मध्ये असतो. शून्याजवळ असेल तर संबंध फारसा नाही, टोकाजवळ असेल तर घट्ट. आपल्या तीन जिल्ह्यांत स्थलांतरितांची टक्केवारी (३०, १५, ५) आणि निरक्षरतेची टक्केवारी (६.५, ११.५, २०.५) यांचा गुणांक येतो उणे ०.९६. एवढा मोठा आकडा दिसला की लोक हरखून जातात आणि आधीच्या तीन पायऱ्या विसरतात.

अशा वेळी करून पाहण्यासारखी एक तपासणी आहे. त्या तीन बिंदूंमधून नेहमीच्या पद्धतीने सरळ रेषा ओढा. ती सांगते की स्थलांतरितांचं प्रमाण १ टक्क्याने वाढलं की निरक्षरता साधारण ०.५४ टक्क्याने घटते आणि स्थलांतरित अजिबात नसतील तर निरक्षरता २१.९ टक्के राहते. आता तीच रेषा दुसऱ्या टोकापर्यंत न्या, जिथे सगळेच स्थलांतरित आहेत. माणसाबद्दलचा निष्कर्ष या रेषेतून खरंच निघत असेल, तर तिथे स्थलांतरितांची निरक्षरता मिळायला हवी. २१.९ वजा ५४.२.

उत्तर आलं उणे ३२ टक्के.

उणे निरक्षरता म्हणजे काय, हे रेषेलाच विचारा. स्थानिकांसाठी तिने दिलेला २१.९ हा आकडाही पायरी ३ मधल्या ६.२ ते १५.४ या पट्ट्याबाहेर आहे, म्हणजे तोही अशक्य. रेषेचा हा उपयोग लिओ गुडमन यांनी १९५३ मध्ये मांडला, आणि तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे हेही स्पष्ट केलं: प्रत्येक गटाचा निरक्षरतेचा दर सगळ्या जिल्ह्यांत सारखाच असला पाहिजे, किंवा तो कमी-जास्त होत असलाच तर त्याचा गटाच्या प्रमाणाशी संबंध नसावा. उत्तर शून्याखाली किंवा शंभराच्या वर गेलं तर हे गृहीतक मोडलेलं आहे. मात्र उत्तर शून्य ते शंभरच्या आत आलं म्हणून गृहीतक खरं ठरत नाही. ही चाचणी चोर पकडू शकते, निर्दोषपणाचा दाखला देऊ शकत नाही.

पायरी ५: आत काय घडलेलं असू शकतं ते लिहून पाहा

आता मी चौकटीचे कप्पे उघडतो. उदाहरण माझंच असल्यामुळे मला आतले आकडे माहीत आहेत.

‘क’मध्ये ३०० स्थलांतरितांपैकी ३० निरक्षर, ७०० स्थानिकांपैकी ३५. म्हणजे १० टक्के विरुद्ध ५ टक्के.
‘ख’मध्ये १५० पैकी ३० आणि ८५० पैकी ८५. २० टक्के विरुद्ध १०.
‘ग’मध्ये ५० पैकी १५ आणि ९५० पैकी १९०. ३० टक्के विरुद्ध २०.

तिन्ही जिल्ह्यांत, एकही अपवाद न होता, स्थलांतरितांमध्ये निरक्षरता जास्त आहे. तिन्ही मिळून १५ टक्के विरुद्ध १२.४ टक्के. माणसांच्या पातळीवर काढलेला सहसंबंध गुणांक अधिक ०.०३ येतो, लहानसा, पण चिन्ह उलट. बेरजा करून पाहा, कडेचे सगळे आकडे पहिल्या तक्त्याशी तंतोतंत जुळतात.

मग तक्ता खोटं बोलला का? नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. एक, जिल्ह्याच्या आत स्थलांतरित आणि स्थानिक यांच्यातला फरक. दोन, जिल्ह्याजिल्ह्यांतला फरक: जिथे स्थानिकच जास्त शिकलेले आहेत, बहुधा शाळा आणि रोजगार दोन्ही बरे आहेत, तिथे स्थलांतरित जास्त येतात. सरासरी काढताना पहिला फरक पुसला जातो आणि दुसरा तेवढा शिल्लक राहतो. आपण दुसरा वाचतो आणि पहिला समजतो.

हे केवळ कागदावर घडतं असं वाटत असेल, तर या विषयातलं सर्वांत प्रसिद्ध प्रत्यक्ष उदाहरण पाहा. माझ्या उदाहरणाचा साचा मी तिथूनच उचलला आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतले दहा वर्षं आणि त्यावरील व्यक्तींचे आकडे घेतले. परदेशात जन्म आणि निरक्षरता यांचा संबंध त्याने तीन पातळ्यांवर मोजला. ४८ राज्यांच्या टक्केवाऱ्या घेतल्या तर गुणांक उणे ०.५२६ आला. तीच राज्यं नऊ मोठ्या विभागांत गोळा केली तर उणे ०.६१९. दोन्ही आकडे सुचवत होते की परदेशातून आलेले लोक जास्त साक्षर. व्यक्तींच्या पातळीवर मात्र तोच गुणांक अधिक ०.११८ निघाला, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षरता जास्त होती. कारण तेच: परदेशातून आलेली माणसं ज्या राज्यांत स्थायिक झाली, तिथले मूळचे रहिवासी तुलनेने जास्त साक्षर होते.

त्याच निबंधातलं दुसरं उदाहरण लोक कमी सांगतात, मला ते जास्त शिकवणारं वाटतं. कृष्णवर्णीय असणं आणि निरक्षरता यांचा गुणांक व्यक्तींच्या पातळीवर ०.२०३, राज्यांच्या पातळीवर ०.७७३ आणि नऊ विभागांच्या पातळीवर ०.९४६. इथे चिन्ह उलटलं नाही, दिशा बरोबरच होती. पण एक क्षीण संबंध नुसता गठ्ठे मोठे करत गेल्यामुळे जवळजवळ परिपूर्ण दिसू लागला. एकेका माणसामध्ये खूप चढउतार असतात, हजारोंची सरासरी काढली की ते एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरलेले मोजके बिंदू गुळगुळीत रेषेवर बसतात. तेव्हा “निदान दिशा तरी बरोबर आहे ना?” असं कोणी म्हटलं तर दोन उत्तरं आहेत. दिशा बरोबर असेलच असं नाही, आणि असली तरी आकड्याच्या मोठेपणावर विश्वास ठेवता येत नाही.

तुमच्या स्वतःच्या तक्त्यासाठी ही पायरी अशी करा: एका जिल्ह्याची चौकट घ्या आणि मर्यादांच्या आत राहून ती दोन वेगळ्या प्रकारे भरा. एकदा तुमचं वाक्य खरं ठरेल अशी, एकदा खोटं ठरेल अशी. दोन्ही भरता आल्या तर ते वाक्य तक्त्यातून निघत नाही. हे करायला दहा मिनिटं पुरतात.

पायरी ६: आत डोकावण्याची सोय शोधा

सरळ उपाय म्हणजे जिथे एक ओळ म्हणजे एक माणूस आहे अशी माहिती मिळवणं. ती मिळत नसेल तर निदान आडवा-उभा तक्ता मागा, म्हणजे ‘स्थलांतरितांपैकी निरक्षर किती’ हे थेट सांगणारा. आपण दोन वेगवेगळे तक्ते घेऊन ते जिल्ह्याच्या नावावर जोडत बसतो आणि नेमका हवा तो आडवा-उभा तक्ता त्याच जनगणनेत आधीच छापलेला असतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे. जोडण्याआधी शोधा. अगदीच काही नसेल तर लहान नमुना पाहणीही उपयोगी पडते. नीट निवडलेल्या काहीशे लोकांना थेट विचारलेला प्रश्न या बाबतीत शेकडो जिल्ह्यांच्या सरासऱ्यांपेक्षा जास्त सांगतो.

आणखी लहान प्रदेशांचे आकडे घेतले तर? थोडा फायदा होतो, आणि किती होतो हे आपल्या उदाहरणातच दिसतं. तीन जिल्हे एकत्र करून एकच प्रदेश धरला असता, तर निरक्षर स्थलांतरितांची कमाल मर्यादा ५०० पैकी ३८५ आली असती, म्हणजे ७७ टक्के. तीन भाग केल्यावर ती ४६ वर आली. आणखी बारीक भाग केले आणि काही भाग जवळजवळ एकाच गटाचे निघाले, तर पट्टा आणखी आवळतो. पण भाग लहान झाला म्हणून चूक नाहीशी होत नाही. वॉर्डाची सरासरी वॉर्डाचीच असते.

इथे एक सापळा आहे, तो वेगळा सांगायला हवा, कारण त्यात कर्ता बरोबर असूनही चूक होते. तुमच्याकडे माणसांची पाहणी आहे, पण उत्पन्नाचा प्रश्न विचारलेला नाही. मग कोणीतरी जिल्ह्याचं सरासरी उत्पन्न आणून प्रत्येक माणसाच्या ओळीत चिकटवतं आणि रकान्याला नाव देतं ‘उत्पन्न’. आता ओळ माणसाची दिसते, पण तो आकडा अजूनही जिल्ह्याचाच आहे. असा रकाना वापरायला हरकत नाही, पण त्याचं नाव ‘जिल्ह्याचं सरासरी उत्पन्न’ असंच ठेवा आणि निष्कर्षही तसाच लिहा: अमुक प्रकारच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांमध्ये अमुक दिसतं.

खरं तर राहण्याची जागा आणि माणूस या दोन्हींचा परिणाम एकाच वेळी, वेगवेगळ्या दिशांनी असू शकतो. अमेरिकेतल्या २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत श्रीमंत राज्यांचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे होता आणि गरीब राज्यांचा रिपब्लिकन पक्षाकडे. त्यावरून श्रीमंत माणसं डेमोक्रॅटिक पक्षाला मतं देतात असं पुष्कळांनी धरलं. मतदारांच्या पाहण्यांमध्ये मात्र उत्पन्न जास्त तसं रिपब्लिकन मतदान जास्त होतं. अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपशिलात तपासलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: मिसिसिपीसारख्या गरीब राज्यात श्रीमंत आणि गरीब मतदारांमधली दरी मोठी होती, कनेक्टिकटसारख्या श्रीमंत राज्यात ती अगदी थोडी. तिथे राज्याची श्रीमंती एक गोष्ट सांगत होती, माणसाची श्रीमंती दुसरी, आणि दोन्ही खऱ्या होत्या. अशा वेळी व्यक्ती आणि प्रदेश दोन्ही पातळ्या एकाच विश्लेषणात घ्याव्या लागतात. त्यासाठी बहुस्तरीय प्रतिमानं वापरतात, पण ती चालवायला मुळात माणसांची माहिती हवीच.

पायरी ७: वाक्य बदला

माहिती मिळाली नाही, तक्ता फक्त जिल्ह्यांचाच आहे, आणि अहवाल तर द्यायचा आहे. हरकत नाही. जिल्ह्यांबद्दल लिहा. “ज्या जिल्ह्यांत स्थलांतरितांचं प्रमाण जास्त आहे, त्या जिल्ह्यांत एकूण निरक्षरता कमी आहे” हे वाक्य पूर्णपणे खरं आहे आणि उपयोगीही असू शकतं. साक्षरता वर्गांसाठी पैसा कोणत्या जिल्ह्याला जास्त द्यायचा, हा प्रश्न जिल्ह्याचाच आहे. ‘ग’ला जास्त द्यावा हे ठरवायला आतले कप्पे उघडावे लागत नाहीत. पण त्याच बैठकीत पुढचा प्रश्न येतो, “वर्ग कोणासाठी काढायचे?” आणि तिथे तक्त्याची हद्द संपते. स्थलांतरित तर साक्षरच आहेत असं समजून त्यांना वगळलं, तर आपल्या उदाहरणात ज्यांच्यात निरक्षरता जास्त आहे तेच बाहेर राहतील.

मर्यादा काढल्या असतील तर त्याही लिहा: “उपलब्ध आकड्यांवरून स्थलांतरितांमधली निरक्षरता ० ते ४६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते.” हे वाक्य वरिष्ठांना आवडत नाही, याची कल्पना आहे. “मग आकडे कशाला गोळा केले?” असं मला ऐकवूनही झालं आहे. पण पट्टा किती रुंद आहे हे त्यांना दिसलं, तरच पाहणीसाठी पैसे मिळण्याची शक्यता असते.

उलट बाजूचीही काळजी घ्या. हा शब्द नव्याने शिकलेली माणसं कोणताही जिल्हावार आलेख दिसला की “इकॉलॉजिकल फॅलसी!” म्हणून ओरडतात आणि दावा खोटा ठरवून मोकळी होतात. दावा खोटा ठरत नाही. त्या तक्त्यातून सिद्ध होत नाही, इतकंच. पायरी ५ मध्ये चौकट दोन्ही प्रकारे भरता येते, ती याचसाठी करून पाहायची. आणि वाक्य जिल्ह्याबद्दलच असेल, तर ही चूक झालेलीच नसते.

माझ्या त्या पहिल्या मसुद्यातलं वाक्य मी शेवटी असं बदललं: “ज्या जिल्ह्यांत शिकलेल्या स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे, तिथे पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचं प्रमाणही जास्त आहे, मात्र ही बालकं कोणत्या मातांची आहेत, याची माहिती या तक्त्यात नाही.” बाईंनी पुन्हा पेन्सिल उचलली आणि ‘मात्र’च्या आधीचा स्वल्पविराम खोडून पूर्णविराम केला.